पुढचं इंजेक्शन देण्याआधीचे तीन प्रश्न

गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाची गोष्ट घरोघरी ऐकलेली असते. पाय सुजतात, मीठ कमी करायला सांगतात, दर आठवड्याला बीपी तपासायला बोलावतात. यातल्या बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं. काहींना मात्र प्री-एक्लॅम्पसिया होतो, आणि त्यांतल्या थोड्याजणींना आकडी येते. हात-पाय ताठ होतात, जीभ दाताखाली येते, शुद्ध हरपते. यालाच एक्लॅम्पसिया म्हणतात. ही आकडी येऊ नये म्हणून आणि आलीच तर पुन्हा येऊ नये म्हणून जगभर एकच औषध पहिल्या पसंतीचं आहे. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लेबर रूमच्या भाषेत ‘मॅगसल्फ’. औषध स्वस्त आहे, जुनं आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळतं. वाट्टेल तसं दिलं तर मात्र तेच श्वास थांबवू शकतं. म्हणून पुढचा प्रत्येक डोस टोचण्याआधी सिस्टर तीन गोष्टी पाहते. त्या का पाहायच्या आणि पाहिल्या नाहीत तर काय होतं, हे नातेवाइकांनाही ठाऊक असायला हवं. बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर बसलेलं असतं ते घरचंच माणूस.

आधी आजाराबद्दल. प्री-एक्लॅम्पसियाचं मूळ वारेत आहे. गर्भ रुजताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही बायकांमध्ये त्या पुरेशा रुंद होतच नाहीत. वार उपाशी राहते आणि विसाव्या आठवड्यानंतर कधीतरी आईच्या रक्तात असे पदार्थ सोडू लागते, की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. बीपी वाढतो. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात आणि लघवीच्या तपासणीत ‘अल्ब्युमिन’ दिसतं. यकृताला सूज आली की पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांखाली दुखतं. आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या आकसल्या, झिरपू लागल्या की डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, धूसर दिसतं. आकडी येते ती या मेंदूच्या बिघाडातून.

मॅगसल्फ बीपीचं औषध आहे, असा गैरसमज डॉक्टरी शिक्षण घेतलेल्यांमध्येही भेटतो. ते तसं नाही. दिल्यावर बीपी जरासा उतरतो, पण तो उतार भरवशाचा नसतो. बीपी उतरवायला लॅबेटालॉल, निफेडिपिन अशी औषधं वेगळी द्यावीच लागतात. मॅगसल्फचं काम मेंदूत आहे. आकसलेल्या बारीक रक्तवाहिन्या ते सैल करतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा कमी झिरपावा, इतपत तो सावरतं. आणि मज्जापेशींना भडकवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचा एक प्रकारचा रिसेप्टर अडवून धरतं. यांपैकी कोणत्या कामाचा वाटा किती, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण या सगळ्याच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे. पेशीत शिरण्यासाठी कॅल्शियमची जी दारं असतात, त्यांच्यात मॅग्नेशियम आडवं उभं राहतं. कॅल्शियम आत गेलं नाही तर रक्तवाहिनीचा स्नायू आवळत नाही आणि मज्जापेशी उत्तेजित होत नाही. दाराची ही गोष्ट लक्षात ठेवा. औषधाचा गुण इथे आहे, त्याचं विष इथे आहे आणि उताराही इथेच आहे.

हे औषध म्हणजे इंग्लंडातल्या एप्सम गावच्या झऱ्यात सापडलेलं, जुलाबासाठी घेतलं जाणारं मीठ. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत ते आकडीसाठी मणक्यातून देऊन पाहिलं गेलं. पुढे अमेरिकेत शिरेतून आणि स्नायूतून देण्याची पद्धत पडली. डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयातल्या जॅक प्रिचर्ड यांनी 1950च्या दशकात ती नीट बसवली. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत आजही त्यांच्याच नावाची पद्धत चालते. पण बाकी जग कितीतरी वर्षं वेगळ्या वाटेने गेलं. ब्रिटनमध्ये डायझेपाम आणि फेनिटॉइन चाले. आपल्याकडे मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांचं तीन औषधांचं ‘लिटिक कॉकटेल’ खूप वापरलं गेलं. मेंदूविकाराच्या अनेक तज्ज्ञांना तर आकडीवर जुलाबाचं मीठ ही कल्पनाच पटत नव्हती. हा वाद 1995 साली मिटला. भारतासह अनेक देशांत मिळून 1,687 बायकांवर झालेल्या अभ्यासात मॅगसल्फ मिळालेल्यांमध्ये पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण डायझेपामच्या तुलनेत निम्म्याहून कमी निघालं. फेनिटॉइनच्या तुलनेत तर ते एक तृतीयांशच होतं. मग 2002 साली ‘मॅगपाय’ अभ्यास आला. 33 देशांत दहा हजारांहून जास्त प्री-एक्लॅम्पसियाच्या बायका त्यात होत्या, म्हणजे अजून आकडी न आलेल्या. खोटं औषध मिळालेल्यांमध्ये हजारात 19 जणींना आकडी आली, मॅगसल्फ मिळालेल्यांमध्ये आठ जणींना. एका स्वस्त अँप्युलकडून याहून जास्त काय मागायचं?

आता प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. समजा, सुवर्णा नावाची 23 वर्षांची बाई आहे. पहिलटकरीण, दिवस 36 आठवड्यांचे. ती संध्याकाळी सात वाजता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आली आहे. सकाळपासून डोकं दुखतंय, दुपारी एकदा उलटी झाली, आता डोळ्यांपुढे चमकतंय. बीपी 170/112 आहे आणि लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस. हा तीव्र प्री-एक्लॅम्पसिया आहे आणि आकडी दारात उभी आहे. डॉक्टर बीपीसाठी औषध देतात आणि सिस्टर मॅगसल्फ भरायला घेते.

आपल्याकडे मिळणारी अँप्युल साधारण दोन मिलीची, 50 टक्क्यांची असते. 50 टक्के म्हणजे शंभर मिलीत 50 ग्रॅम, म्हणून दोन मिलीत एक ग्रॅम. पहिला डोस 14 ग्रॅमचा, म्हणजे 14 अँप्युल. इतक्या अँप्युल फोडताना नवखी सिस्टर दचकते. आपण चुकतोय की काय, असं तिला वाटतं, पण हिशेब बरोबर असतो. त्यातल्या चार अँप्युल, म्हणजे आठ मिली, घेऊन त्यात 12 मिली सलाईन मिसळतात. हे 20 मिलीचं, 20 टक्क्यांचं द्रावण झालं. ते शिरेतून, घड्याळाकडे बघत, निदान पाच मिनिटं लावून हळूहळू देतात. हे पातळ न करता भसकन सोडणं ही पहिली मोठी चूक. उरलेल्या दहा अँप्युल पातळ न करता दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, लांब सुईने खोल स्नायूत टोचतात. दहा-दहा मिलीचं इंजेक्शन बरंच दुखतं, म्हणून त्यात थोडं लिग्नोकेन घालतात.

“ताई, आता अंगात गरम गरम वाटेल, तोंड लाल होईल, मळमळेल. घाबरू नका, औषध लागू पडतंय,” असं चांगली सिस्टर आधीच सांगून ठेवते. ही ऊब निरुपद्रवी असते. आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून सुई काढायला लावते.

इथे माझं एक ठाम मत नोंदवतो. मॅगसल्फची भीती चुकीच्या जागी बसलेली आहे. पुष्कळ ठिकाणी ‘नको बाबा, श्वास थांबायचा’ म्हणत बाईला पहिला डोस न देताच अँब्युलन्समध्ये घालतात आणि तिला वाटेत आकडी येते. वास्तविक पहिल्या डोसमध्ये धोका फार थोडा असतो. मूत्रपिंडाचं काम मंद असलं तरी पहिला डोस कमी करत नाहीत, कारण तो रिकाम्या शरीरात जात असतो. म्हणून तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रातली एएनएमसुद्धा शिरेतला भाग वगळून, कुल्ल्यांतले दहा ग्रॅम देऊन मगच बाईला पुढे पाठवू शकते. भीती बाळगायची ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या डोसची. औषध साठतं ते तिथे.

सुवर्णाला साडेसातला पहिला डोस मिळतो आणि 108च्या गाडीने ती जिल्हा रुग्णालयात निघते. सोबतच्या चिठ्ठीवर एक ओळ हवीच: मॅगसल्फ किती दिलं, कुठे दिलं, किती वाजता दिलं. ही ओळ नसली की पुढचा डॉक्टर पहिला डोस नव्याने देतो आणि दोन तासांत 28 ग्रॅम अंगात जातात. सुवर्णाच्या चिठ्ठीवर सुदैवाने ती ओळ आहे. साडेनऊला ती पोचते. कॅथेटर घालतात, लघवीची बॅग पलंगाला अडकवतात, कळा सुरू होण्याचं औषध देतात. या आजाराचा खरा इलाज बाळंतपण हाच. मॅगसल्फ तोवर आणि त्यानंतरचे 24 तास आकडी रोखून धरायला असतं.

प्रिचर्डच्या पद्धतीत पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम एका कुल्ल्यात, आलटून पालटून देतात. साडेअकराला सिस्टर ट्रे घेऊन येते, पण आधी टोचत नाही. पहिला प्रश्न गुडघ्याचा. पाय सैल सोडायला सांगून ती गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर रबरी हातोडी मारते. पाय किंचित उडतो. दुसरा प्रश्न श्वासाचा. पदर बाजूला करून, घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट छाती वरखाली होताना मोजते. 18 भरतात. 16 किंवा त्याहून जास्त हवेत. तिसरा प्रश्न लघवीचा. तासाला निदान 30 मिली लागते. दोन तासांत 90 जमली आहे. तिन्ही उत्तरं बरोबर, म्हणून डोस द्यायचा आणि आकडे कागदावर लिहायचे.

याच तीन गोष्टी का? लघवीचं कारण सरळ आहे. शिरेतून किंवा स्नायूतून गेलेलं मॅग्नेशियम शरीराबाहेर पडायला मूत्रपिंड हीच वाट असते. आणि प्री-एक्लॅम्पसिया त्याच मूत्रपिंडावर घाला घालतो. लघवी कमी झाली की प्रत्येक नवा डोस जुन्यावर साचत जातो. गुडघ्याचं कारण पुन्हा त्या दारात आहे. मज्जातंतूने स्नायूला ‘आवळ’ असा निरोप द्यायचा, तर तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरावं लागतं. तेव्हाच अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन बाहेर पडतं. मॅग्नेशियम फार झालं की तिथलीही दारं अडतात, निरोप क्षीण होतो आणि स्नायू ढिला पडतो. हे सगळ्या अंगात एका क्रमाने होतं, आणि त्या क्रमावरच आपला सगळा भरवसा आहे. रक्तात मॅग्नेशियम एरवी साधारण दोन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. आकडी रोखायला ते पाच ते नऊच्या दरम्यान लागतं. नऊच्या वर गेलं की गुडघ्याची उडी जाते. 12च्या वर गेलं की छातीचे स्नायू थकतात आणि श्वास मंदावतो. हृदय थांबण्याची वेळ 30च्या आसपास येते. म्हणजे श्वास जाण्याआधी गुडघा जातो. रक्ताच्या तपासणीशिवाय, विजेशिवाय, एका रबरी हातोडीने पुढचा धोका कळतो. रक्तातली पातळी मोजण्याची सोय असेल तर मूत्रपिंड बिघडलेल्या बाईमध्ये ती जरूर मोजावी. पण प्रयोगशाळेचा कागद हातात येईपर्यंत पुढच्या डोसची वेळ होऊन गेलेली असते.

एक फसवी जागा आहे. सिझेरियनसाठी मणक्यात भूल दिलेली असेल तर कमरेखालचे रिफ्लेक्स भुलेनेच गेलेले असतात. तिथे गुडघा तपासून ‘मॅगसल्फ जास्त झालं’ असं ठरवणं चूक, आणि ‘भुलेमुळे असेल’ म्हणून सोडून देणंही चूक. अशा वेळी कोपरापुढे, दंडाच्या शिरेवर हातोडी मारून पाहतात. आणि पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला मॅगसल्फ चालू असल्याचं आधी सांगावं लागतं. स्नायू सैल करणारी त्यांची औषधं अशा बाईत जास्त वेळ टिकतात.

रात्री साडेतीनला पुढचा डोस असतो. वॉर्डात एकाच वेळी तीन बाळंतपणं चालू आहेत. वेळ झाली म्हणून डोस टोचला जातो. हातोडी टेबलावर राहते. बॅगेकडे कुणी बघत नाही. बघितलं असतं तर साडेअकरापासूनच्या चार तासांत तिच्यात जेमतेम 60 मिली लघवी होती, तीही गडद चहाच्या रंगाची. इतक्या वेळात निदान 100 मिली नसेल तर डोस रोखायचा, असं सूचनाफलकावर लिहिलेलंच असतं.

पावणेपाचला सासूबाई सिस्टरला हाका मारतात. “अहो, हिची जीभ जड झालीये. डोळे उघडत नाही. थकली असेल का?” रात्रभर कळा सोसलेली बाई झोपलेली दिसणं कुणालाही स्वाभाविक वाटेल. ही गल्लत जीवघेणी आहे. पापण्या लोंबतात, शब्द अडखळतात, मान सावरत नाही, दोन-दोन दिसतं. ही थकव्याची लक्षणं नव्हेत, ढिल्या पडलेल्या स्नायूंची आहेत. सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारते, पाय हलत नाही. श्वास मोजते, मिनिटाला आठ. बोटावरचा ऑक्सिजन 86.

आता काय करायचं याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मदतीला हाक. पुढचं मॅगसल्फ बंद. मग ऑक्सिजन, आणि श्वास अपुरा आहे म्हणून मास्क लावून पिशवीने हवा देणं. उताऱ्याची अँप्युल शोधायला सगळे धावले आणि बाईच्या तोंडाशी कुणीच राहिलं नाही, असं होता कामा नये. श्वास हाताने देत राहिलं तर ती जगते. उतारा यायला दोन मिनिटं उशीर झाला तरी चालतं.

आणि तो उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट. 10 टक्क्यांचं, दहा मिली, म्हणजे एक ग्रॅम. शिरेतून सावकाश देतात. श्वास फारच मंद असेल तर तीन मिनिटांत, एरवी दहा मिनिटांत. हृदयाच्या ठोक्यांवर मॉनिटरवरून नजर ठेवायची, कारण घाईने दिलं तर ठोके मंदावतात. शिर नीट आहे ना हेही बघावं लागतं, कारण हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी जळते. मॅगसल्फ चालू असलेल्या नळीतून ते देत नाहीत. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की नळीतच पांढरा साका धरतो.

हे काम कसं करतं? मॅग्नेशियमने अडवलेल्या दाराशी कॅल्शियमची एकदम गर्दी होते. अडथळा तोच असतो, पण रेटा वाढल्यामुळे पुरेसं कॅल्शियम आत शिरतं, तंतूच्या टोकातून पुन्हा अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं आणि छातीचा स्नायू हलू लागतो. परिणाम काही मिनिटांत दिसतो. सुवर्णाचा श्वास दहा मिनिटांत 14वर येतो, ती डोळे उघडते, “पाणी,” असं पुटपुटते. वॉर्डातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरी सावधगिरी इथूनच लागते.

कॅल्शियमने मॅग्नेशियम बाहेर गेलेलं नसतं. ते जिथल्या तिथे रक्तात असतं. त्याला शह मिळालेला असतो आणि तो शहही थोड्या वेळाचा असतो. शिवाय साडेतीनला कुल्ल्यात टोचलेलं सगळं औषध अजून रक्तात उतरलेलं नाही. स्नायूतला साठा हळूहळू झिरपतच राहतो. शिरेतून पंपाने तासाला एक ग्रॅम देण्याची दुसरी पद्धत आहे. तिचा एक फायदा असा की संशय आला की बटण दाबून ती थांबवता येते. टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. दुसऱ्या बाजूने, पंप नसलेल्या ठिकाणी सलाईनच्या बाटलीतून मॅगसल्फ सोडलं आणि नळीचं चाक ढिलं राहिलं तर अर्ध्या तासात सगळी बाटली अंगात जाते. म्हणून पंप नसेल तर इंजेक्शनच बरं. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्याकडच्या सडपातळ अंगाच्या बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत वापरून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. असे प्रयत्न इतर ठिकाणीही झाले. कमी मात्रा आणि तीन प्रश्नांची शिस्त यांतलं एकच निवडायचं झालं, तर मी शिस्त निवडेन.

सव्वासहाला सुवर्णाचा श्वास पुन्हा दहावर येतो. कॅल्शियम ग्लुकोनेटचा दुसरा डोस द्यावा लागतो. यात अपयश काही नाही, हे अपेक्षितच होतं. म्हणूनच पहिल्या उताऱ्यानंतर सिस्टर खुर्ची ओढून पलंगापाशीच बसली होती. क्रिएटिनिन 1.9 आलेलं असतं. गरोदरपणात ते एकच्या खूप खाली असायला हवं. लघवी वाढेल का याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. ती वाढलीच नसती तर मॅग्नेशियम काढायला डायलिसिस करावं लागलं असतं, आणि तोवर श्वासासाठी व्हेंटिलेटर. सुवर्णाची लघवी आठच्या सुमारास सुरू होते. रात्री घेतलेल्या रक्ताचा रिपोर्टही तेव्हाच येतो: मॅग्नेशियम 13.1. दहाला ती बाळंत होते. बाळही जरा ढिलं, रडायला उशीर लावणारं असतं, कारण मॅग्नेशियम वारेतून त्याच्यातही गेलेलं असतं. बालरोगतज्ज्ञ आधीच बोलावून ठेवलेले असतात. दुपारी गुडघा पुन्हा उडू लागतो.

हाच प्रसंग साडेतीनला अगदी साध्या रीतीने टळला असता. हातोडीला पाय उडाला नसता, बॅगेत लघवी दिसली नसती, तर डोस ट्रेमध्ये ठेवून सिस्टर डॉक्टरांना सांगायला गेली असती. एवढ्यावर कॅल्शियमची गरजही पडली नसती. गुडघा गेला पण श्वास चांगला आहे, तर फक्त पुढचं मॅगसल्फ थांबवायचं आणि वाट बघायची. उगाच कॅल्शियम दिलं तर आकडीपासूनचं संरक्षणही तेच पुसून टाकतं. उतारा श्वासासाठी राखून ठेवायचा असतो.

जाता जाता एक शंका, जी बायका हमखास विचारतात. गरोदरपणात रोज घेतो त्या कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाच्या आड येतात का? नाही. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांमध्ये त्या गोळ्या प्री-एक्लॅम्पसियाचा धोका उलट कमी करतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या घ्याव्यात. पण तोंडाने घेतलेली गोळी हा मॅगसल्फचा उतारा नव्हे. त्यासाठी शिरेतलं कॅल्शियमच लागतं, आणि ते मॅगसल्फच्या ट्रेमध्येच, सिरिंजसकट ठेवलेलं असावं लागतं.

आणि आता नातेवाइकांसाठी. आपल्या बाईला मॅगसल्फ चालू असेल तर ती झोपल्यासारखी दिसली की हाक मारून पाहा. उत्तर नीट आलं नाही, डोळे उघडता आले नाहीत, बोलणं जड वाटलं, तर ‘झोपू दे बिचारीला’ म्हणू नका, सिस्टरला उठवा. गुंगीत असताना तिला पाणी पाजू नका, गिळता न आल्यामुळे ते श्वासनलिकेत जाईल. बाळंतपण झालं म्हणून धोका संपला, असंही समजू नका. आकडी बाळंतपणानंतरच्या दिवसांतही येऊ शकते, म्हणून घरी गेल्यावर डोकेदुखी, अंधुक दिसणं किंवा बरगड्यांखाली दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि लघवीची बॅग भरल्यावर मदत म्हणून स्वतः रिकामी करू नका. आधी सिस्टरला दाखवा, आकडा कागदावर लिहून घेऊ द्या, मगच ती रिकामी करा.